डोकं घासते, कारण तिला वास आलाय

*"ताई, माझी मुलगी 33व्या आठवड्यात सिझेरियनने झाली. बीपी वाढल्यामुळे घाईने काढावं लागलं, कळा सुरूच झाल्या नव्हत्या. मी तिला पहिल्यांदा हात लावला तो तिसऱ्या दिवशी. 19 दिवस ती काचेत होती. आधी नळीने, मग बाटलीने माझंच काढलेलं दूध पीत होती, अजूनही बाटलीनेच पिते. घरी येऊन 9 दिवस झाले. माझी आई घेते तेव्हा ती दोन मिनिटांत शांत होते. माझ्याकडे आली की डोकं इकडून तिकडे घासते, मुठी तोंडात घालते आणि रडायला लागते. बहीण म्हणते, पहिल्या तासात आईचा वास बाळाच्या डोक्यात बसतो, तो तास गेला की गेला. अंगाला सतत आंबट दुधाचा वास येतो म्हणून मी सुगंधी लोशन आणि वर परफ्यूम लावते. त्याने काही बिघडलं असेल का? माझा वापरलेला टी-शर्ट तिच्या पाळण्यात ठेवू का? ती मला ओळखतच नाही असं वाटतं."*

आमच्या वॉर्डात बाळाने असं काही सुरू केलं की आम्ही एकमेकींना सांगायचो, "शोधतंय गं." नवजात अतिदक्षता विभागात मी 24 वर्षं काढली आणि हे दृश्य किती वेळा पाहिलं ते मोजलेलं नाही. बाळ मावशीच्या, आजीच्या, माझ्यासारख्या सिस्टरच्या खांद्यावर निवांत असतं. आईने घेतलं की दोन श्वासांत चुळबुळ सुरू होते, डोकं घासणं, मुठी चोखणं, आणि मग टाहो. आई रडवेली होते. खरं तर बाळाला काहीतरी सापडलेलं असतं. ते दुधाच्या दिशेने निघालेलं असतं आणि मध्ये कापड आडवं येतं.

स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागावर बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे दिसतात. गरोदरपणात आणि पाजण्याच्या काळात ते ठळक होतात. त्या ग्रंथी आहेत आणि त्यांतून अगदी थोडा स्राव येतो. 2009 मध्ये फ्रेंच संशोधकांनी तो स्राव काचेच्या काडीवर घेतला आणि तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांच्या नाकाखाली धरला. बाळांचा श्वास बदलला, ओठ-जीभ हलायला लागली. व्हॅनिला किंवा गाईचं दूध धरलं तेव्हा तेवढं होत नव्हतं. आणि तो स्राव त्या बाळांच्या आयांचा नव्हताच, परक्या बायकांचा होता. म्हणजे हा वास नवजात बाळाला 'इथे दूध आहे, तोंड हलव' असं सांगतो, बाई कुठलीही असो. तुमच्या आईच्या अंगाला तो वास नाही. तिच्या खांद्यावर शोधण्यासारखं काही नसतं, म्हणून मुलगी तिथे झोपते.

पण इथेच थांबून 'म्हणजे ती तुम्हाला ओळखते' असं मी म्हणणार नाही. ते खोटं सांत्वन होईल. दुधाच्या वासाची ओढ वेगळी आणि तुमची, म्हणजे याच एका बाईची ओळख वेगळी. पहिली बाळ बरोबर घेऊन येतं. वरच्या दुधावर वाढलेली दोन आठवड्यांची बाळंसुद्धा अनोळखी पाजत्या बाईच्या छातीच्या वासाकडे वळलेली आहेत. दुसरी मात्र शिकावी लागते आणि तिला दिवस लागतात.

या दुसऱ्या ओळखीबद्दलचा सगळ्यांत प्रसिद्ध प्रयोग ऑक्सफर्डच्या एडन मॅकफार्लेन यांनी केला, 1975 मध्ये तो छापून आला. पाजण्याच्या मधल्या वेळात आया ब्रामध्ये दूध टिपायला जे पॅड ठेवतात, ते त्यांनी घेतले. बाळ उताणं, डोक्याच्या एका बाजूला त्याच्या आईचा पॅड लोंबकळत ठेवलेला, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या बाळाच्या आईचा. मग बाळ कुठल्या बाजूला तोंड करून किती वेळ राहतं ते मोजलं. दोन दिवसांच्या बाळांना काही फरक पडत नव्हता. सहा दिवसांची बाळं मात्र आपल्या आईच्या पॅडकडे जास्त वेळ तोंड करून राहिली आणि आठ-दहा दिवसांच्या बाळांत हे आणखी स्पष्ट झालं. त्या बाळांनी मधल्या चार दिवसांत नेमकं काय केलं होतं? दिवसातून आठ-दहा वेळा आईच्या कातडीला नाक लावून ती दूध प्यायली होती.

तुमच्या मुलीच्या बाबतीत अडकलंय ते इथे. सर्नॉक आणि पोर्टर या दोघांनी 1985 मध्ये काखेच्या वासावर असाच प्रयोग केला. काखेत दूध नसतं, तिथे असतो तो फक्त त्या व्यक्तीचा वास. अंगावर पिणाऱ्या दोन आठवड्यांच्या बाळांनी आपल्या आईच्या काखेतला कापूस ओळखला. बाटलीवरच्या बाळांनी ओळखला नाही. आणि अंगावर पिणाऱ्या बाळांनी आपल्या बाबाचाही ओळखला नाही. यावरून 'बाटली वाईट' असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. मला त्यातून दिसतं ते एवढंच की बाटलीने पाजताना बाळ कपड्यांवर, हाताच्या बाकात, कातडीपासून वीतभर लांब असतं. नाकाला कातडी मिळतच नाही. बाबांचंही तेच होतं, सदरा मध्ये असतो.

तुमच्या घरात पाजणं तुम्ही करता की तुमची आई, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण बाटली असल्यामुळे निम्म्याहून जास्त वेळा आजीच पाजत असेल, असा माझा अंदाज आहे. सिझेरियनच्या टाक्यांनी बसवत नसेल तर तेही साहजिकच आहे. मग तुमचं दूध रोज मुलीच्या पोटात जातंय, पण ते पिताना नाकाशी आहे आजी. तुमची तिची खरी भेट होते ती ती भुकेने कावलेली असताना, आणि तुमच्या अंगावर असतं लोशन.

आता त्या पहिल्या तासाबद्दल. बहीण निम्मी बरोबर आहे. जन्माच्या वेळी, विशेषतः कळांच्या दाबाने, बाळाच्या रक्तात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन खूप वाढतं. हेच रसायन मेंदूत वासाची आठवण पक्की करायला मदत करतं. म्हणून जन्मल्यावर लगेच आलेला वास बाळ फार सहज शिकतं, आणि कळा सुरूच न होता झालेल्या सिझेरियनच्या बाळांत हा सहजपणा कमी दिसला आहे. तुमची मुलगी दुसऱ्या गटातली, हे खरं. पण सहज शिकण्याचा काळ संपला म्हणजे शिकण्याचा काळ संपला असं नाही. मॅकफार्लेनच्या बाळांनी जे शिकलं ते पहिल्या तासात असतं तर दोन दिवसांच्या बाळांतही दिसलं असतं. ते सहाव्या दिवशी दिसलं.

ही शिकण्याची रीत इतकी साधी आहे की ऐकून हसू येतं. 1991 मध्ये रेजिना सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दिवसाच्या बाळांना लिंबूवर्गीय फळाचा वास दिला आणि तो येत असतानाच त्यांना हळुवार कुरवाळलं. अर्धा अर्धा मिनिट, मोजून दहा वेळा. दुसऱ्या दिवशी तो वास आला की ती बाळं त्याच्याकडे डोकं वळवायची. ज्यांना नुसता वास दिला, किंवा नुसतं कुरवाळलं, किंवा आधी कुरवाळून मग वास दिला, ती वळली नाहीत. वास आणि सुखाचा स्पर्श एकदमच यायला हवेत. बाळ तो वास 'चांगलं होतं तेव्हाचा' म्हणून ठेवतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांनाही हे जमतं. काचेत ठेवलेल्या बाळांना काही वेळ व्हॅनिलाच्या वासाची सवय करून दिली आणि नंतर रक्त काढताना तोच वास दिला तर ती कमी कळवळली, असं फ्रान्समध्ये आढळलं आहे.

शिवाय तुमच्या मुलीचं नाक कोरं नव्हतं. सातव्या महिन्याच्या सुमारास वासाची यंत्रणा चालू होते. 33 आठवड्यांत काही आठवडे तरी ती तुमच्या गर्भजलाचा वास घेत होती, आणि त्यात तुमच्या जेवणाचे, तुमच्या शरीराचे धागे असतात. सुरुवातीच्या दुधाचा वास त्याच्याशी मिळताजुळता असतो. दोन दिवसांच्या बाळांसमोर दोन्ही ठेवले तर त्यांना निवड करता येत नाही, चौथ्या दिवसापर्यंत ती दुधाकडे झुकतात. हिशेब करा: 33 आठवडे आणि 28 दिवस. ती आज 37 आठवड्यांची आहे. तारखेला जन्मली असती तर अजून तीन आठवडे पोटातच असती. काय उशीर झाला, सांगा बरं.

एका बाळाची गोष्ट सांगते, तुमच्याशी जुळणारी. 31 आठवड्यांचा मुलगा, आई बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाने दुसऱ्या इमारतीच्या आयसीयूत, 12 दिवस. बाबा रोज दुपारी यायचे आणि उघड्या छातीवर त्याला घेऊन बसायचे, आम्ही त्यांना 'कांगारू' म्हणायचो. आईच्या वासासाठी आम्ही सुती कापडाचे दोन तुकडे केले. एक ती रात्रभर ब्रामध्ये ठेवायची, सकाळी बाबा पिशवीत घालून आणायचे, आणि तो आम्ही काचेत बाळाच्या नाकाजवळ ठेवायचो. दुसरा बाळाजवळ राहून संध्याकाळी आईकडे जायचा. पहिले दोन दिवस कापड ठेवलं की तोंड हलायचं, नळीने दूध चालू असताना ते चोखण्याची हालचाल करायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीच नाही. आम्ही गोंधळलो. मग कळलं, नातलग बाई 'दवाखान्यात न्यायचंय' म्हणून सुवासिक डिटर्जंटने धुऊन, इस्त्री करून पाठवत होत्या! त्या कापडाचा वास मलाही आवडला होता.

तेराव्या दिवशी आई आली. बाळ तिच्यावर ठेवलं आणि हेच: घासणं, मुठी, टाहो. बाबांवर ते ढाराढूर झोपायचं. आईने तुमच्याच शब्दांत मला विचारलं. आम्ही तेव्हा एकच गोष्ट बदलली, वेळ. बाळ भुकेलं असताना तिच्याकडे द्यायचं बंद केलं. दूध झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, पेंगुळलेलं असताना, तिच्या उघड्या छातीवर ठेवायला लागलो. पहिल्या दिवशी ते दहा मिनिटांत चुळबुळलं. तिसऱ्या दिवशी 40 मिनिटं झोपलं. सहाव्या दिवशी घासणं सुरू झालं तेव्हा ते आंधळं नव्हतं, डोकं एकाच बाजूला, खाली सरकत होतं. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा अंगावर तोंड लावलं. चार घोट, जास्त नाही.

तुम्हीही तिथून सुरुवात करा. दूध पिऊन अर्धा तास झाल्यावर, मुलगी डोळे मिटत असताना. तुम्ही टेकून, अर्धवट आडव्या, वरचे कपडे आणि ब्रा काढून. तिच्या अंगावर फक्त डायपर आणि टोपी. छातीवर उभी ठेवा, पोटाला पोट, डोकं एका बाजूला वळवलेलं, हनुवटी थोडी वर, नाक आणि तोंड तुम्हाला दिसेल असं मोकळं. पाठीवरून पांघरूण. टाक्यांवर भार येत असेल तर तिला थोडी तिरकी घ्या. निदान एक तास तरी द्या, कारण नवजात बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण तेवढं असतं आणि मध्येच उचललं तर ती कावते. रोज दोनदा जमलं तर उत्तम. तुम्हाला झोप येत असेल तर त्या वेळी नको, किंवा कुणीतरी जागं शेजारी हवं.

बाटलीही अशीच पाजा. दिवसातली जमतील तेवढी दुधं तुम्ही, उघड्या छातीवर, तिचा गाल तुमच्या स्तनाला लागेल असं धरून. नाकाला कातडी, पोटात ऊब, तोंडात दूध, तिन्ही एकाच वेळी. सलिव्हनच्या प्रयोगातलं कुरवाळणं ते हेच. बाजू बदलत राहा. आणि घासणं सुरू झालं तर ते थांबवण्यासाठी आजीकडे देऊ नका. तिला तिथे जाऊ द्या, स्तनाग्राशी नाक लावू द्या, चाटू द्या. 37 आठवड्यांना चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बऱ्याच बाळांना बसायला लागलेला असतो. मात्र ती फार भुकेली असेल तर आधी थोडं बाटलीने द्या. रडून लाल झालेलं बाळ काही शिकत नाही. अंगावर घ्यायचंच असेल तर स्तनपान समुपदेशकाला एकदा प्रत्यक्ष भेटा, लिहून सांगण्यासारखं ते काम नाही.

आजीला बाजूला करू नका. लोक इथे घोटाळा करतात, 'आता फक्त आईच घेईल' म्हणून घरातल्या बाकीच्यांना लांब ठेवतात. बाळ एकाहून जास्त माणसांचे वास शिकू शकतं, आजी आणि बाबा स्वतंत्र आठवणी म्हणून बसतात. फक्त तिला सांगा की मुलगी घासायला लागली की तुमच्याकडे आणून द्यायची, शांत करून नव्हे.

आता लोशन. त्याने कायमचं काही बिघडलेलं नाही, पण रोजचं काम ते अवघड करतंय. बाळ कृत्रिम वासही शिकतं, तेही घट्ट. फ्रान्समध्ये काही आयांनी दुखऱ्या स्तनाग्रांसाठी पाजण्याच्या काळात कॅमोमाइल फुलांचं मलम लावलं होतं. त्यांच्या मुलांना 7 महिन्यांनी आणि 21 महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही त्यांचा कॅमोमाइलच्या वासाकडे ओढा दिसला. म्हणजे तुम्ही रोज एकच परफ्यूम लावलात तर मुलगी त्यालाही 'आई' म्हणून ठेवेल. पण परफ्यूम तासातासाला बदलतो, दुसऱ्या दिवशी कमी लागतो, आणि ज्या वासावर तिला काम करायचंय तो झाकतो. शिवाय आठ महिन्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या श्वासनलिकेला तीव्र सुगंध नकोच असतो. तेव्हा निदान काही आठवडे छाती, मान आणि काख यांवर काही लावू नका. गुडघ्याखाली लोशन लावलंत तर माझी हरकत नाही.

आंबट वास येतो तो तुमचा नव्हे. तो कापडात मुरून राहिलेल्या दुधाचा. पॅड ओले झाले की बदला, ब्रा रोज धुवा, सौम्य आणि बिनवासाच्या साबणाने. आंघोळ करा, पण स्तनाग्रांना आणि भोवतालच्या काळसर भागाला साबण नको, साधं पाणी पुरतं. 1994 मध्ये स्वीडनमध्ये नुकत्याच जन्मलेल्या 30 बाळांना आईच्या छातीवर ठेवलं, तेव्हा तिचा एक स्तन धुतलेला होता आणि दुसरा नाही. 22 बाळांनी न धुतलेला निवडला. हे वाचून आमच्या वॉर्डातली पाजण्याआधी साबणाने पुसायची पद्धत बंद झाली, जरा उशिराच. हाताला सॅनिटायझर लावत असाल तर तो पूर्ण वाळू द्या, मग तिला घ्या. तिच्या नाकाला तो वास एकोणीस दिवस पुरे झालाय.

टी-शर्ट पाळण्यात नको. इथे मी ठाम आहे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटं कापड, उशी, खेळणं काहीच नसावं. ते तोंडावर येऊ शकतं, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. काचेत आम्ही कापड ठेवायचो ते मॉनिटर लावलेला असताना आणि कुणीतरी समोर असताना. घरी करायचं असेल तर तिच्या गादीची चादर घ्या, एक रात्र तुमच्या अंगाखाली किंवा पोटाशी घेऊन झोपा आणि सकाळी ती तिच्या गादीवर ताणून, चारही कडा खाली खोचून बसवा. सुटी, सुरकुतलेली राहू नये. तिला उताणंच झोपवा. दोन-तीन दिवसांनी वास उतरतो, मग पुन्हा. टी-शर्ट हवाच असेल तर ती जागी असताना आजीने खांद्यावर टाकून घ्यावा, हा उपयोग चांगला आहे. तुम्ही आंघोळीला गेलात की आजीच्या खांद्यावर तुमचा वास.

एक विनंती, मॅकफार्लेनचा प्रयोग घरी करू नका. मी भाचीवर केला होता, सिस्टर म्हणून जरा ऐट होती. दोन पॅड, दोन बाजूंना. ती सरळ उजवीकडे वळली आणि झोपली. बाजू बदलली, परत उजवीकडे. नंतर आठवलं की बहुतेक नवजात बाळं उताणी ठेवली की आपसूकच उजवीकडे डोकं वळवतात. संशोधक म्हणूनच बाजू बदलून पुन्हा पुन्हा मोजतात. घरी यातून तुम्हाला फक्त रडू येईल.

त्याऐवजी हे बघा. उघड्या छातीवर घेतल्यावर श्वास संथ व्हायला किती वेळ लागतो, मुठी कधी उघडतात. घासणं गोल-गोल आहे की एका दिशेने. रडत असताना दुसऱ्या कुणाकडून तुमच्या छातीवर आली तर तुम्ही बोलायच्या आधी ती क्षणभर थांबते का. हे बदल आठवडा-दहा दिवसांत दिसावेत. नाक चोंदलं असेल तर दिसणार नाहीत. या वयाची बाळं बहुतेक नाकानेच श्वास घेतात आणि चोंदलेलं नाक म्हणजे वासही बंद आणि पिणंही अवघड. डॉक्टरांना विचारून सलाइनचे थेंब घाला.

पिण्यासाठी उठवावं लागत असेल, ती मलूल असेल, दिवसाला सहापेक्षा कमी डायपर ओले होत असतील, अंग गरम किंवा गार लागत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि 'ती मला ओळखतच नाही' हे वाटणं दिवसभर, दोन आठवड्यांहून जास्त राहिलं, झोप मिळत असूनही येत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते दूध चालू असताना घेता येतात.

मुलगी चार महिन्यांची होईल तेव्हा हाच वास दुसऱ्या कामाला येईल. त्या वयाच्या बाळांसमोर आईचा वापरलेला टी-शर्ट ठेवून चेहऱ्यांची चित्रं दाखवली तर त्यांचा मेंदू चेहऱ्यांना जास्त जोराने प्रतिसाद देतो, असं फ्रान्समधल्या दिजॉंच्या प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. बाळ आईकडे आधी नाकाने बघतं आणि मग डोळ्यांनी.

हे सगळं तिच्या बाजूचं झालं. तुमच्या बाजूने तुम्हीही तीन दिवस मागे पडलात, पण ते भरून यायला फार वेळ लागत नाही. 1987 च्या एका अभ्यासात बाळाबरोबर जेमतेम तासभर घालवलेल्या आयांनाही नुसत्या वासावरून आपल्या बाळाचं अंगडं ओळखायला सांगितलं, आणि दहापैकी नऊ जणींनी ते बरोबर निवडलं. आज ती छातीवर झोपली की तिच्या टाळूचा वास घ्या, तेलपाणी व्हायच्या आधी.